ऑनलाइन जोडधंद्यातून तासाला खरे किती सुटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नोकरी, दुकान किंवा बाग सांभाळून संध्याकाळी घरून परदेशी गिऱ्हाइकांची कामं करणाऱ्यांसाठी आहे. सुटे सुटे नियम सांगण्यापेक्षा एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. देवगडमध्ये राहणारी एक बाई दिवसा पतसंस्थेत नोकरी करते आणि रात्री परदेशातल्या छोट्या सल्लागारांना प्रेझेंटेशनच्या स्लाइड बनवून देते. ऑर्डरी एका फ्रीलान्स प्लॅटफॉर्मवरून येतात. हे उदाहरण हिशेब कळावा म्हणून रचलेलं आहे. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला आहे, तुम्ही करताना त्या दिवसाचा घ्या.

थोडक्यात सांगा, हिशेब कसा करायचा?

महिन्यात बँकेत प्रत्यक्ष जमा झालेले रुपये घ्या. त्यातून या कामापायी झालेला खर्च वजा करा. उरलेल्या रकमेला या कामापायी गेलेल्या सगळ्या तासांनी भागा.

वजाबाकीत फारसं कुणी चुकत नाही, कारण कमिशन कापलेलं डोळ्यांना दिसतं. चूक भागाकारात होते. भागायला फक्त 'काम केलेले' तास घेतले जातात. गिऱ्हाइकाला उत्तरं देण्यात, फुकट बदल करून देण्यात आणि न मिळालेल्या ऑर्डरींच्या मागे गेलेले तास वहीत येतच नाहीत, कारण त्यांचं बिल कुणी देत नाही.

त्या देवगडच्या बाईंचा हिशेब आकड्यांत दाखवा.

महिन्यात नऊ ऑर्डरी झाल्या. गिऱ्हाइकांनी मोजलेली किंमत ४०० डॉलर, म्हणजे ३४,००० रुपये. कामाला साधारण ४० तास लागले असा तिचा अंदाज. म्हणजे तासाला ८५० रुपये. हा आकडा ऐकला की शेजारपाजारचे लॅपटॉप घ्यायला निघतात.

आता पैशांची बाजू पाहू. प्लॅटफॉर्मने २० टक्के म्हणजे ८० डॉलर कापले, उरले ३२०. तिने ते दर आठवड्याला थोडे थोडे असे चार वेळा काढले. दर वेळी ३ डॉलर काढणावळ लागली, म्हणजे १२ डॉलर गेले, उरले ३०८. पैसे रुपयांत करून देणाऱ्या कंपनीने ८५ ऐवजी ८३ रुपये ३० पैशांचा भाव दिला. खात्यात जमा झाले २५,६५६ रुपये. सॉफ्टवेअर, लॅपटॉपची झीज, वीज वगैरे मिळून महिन्याचा खर्च २,६०० रुपये (त्याची फोड पुढे आहे). हातात राहिले २३,०५६. ४० तासांनी भागलं तर तासाला ५७६ रुपये. बहुतेकांचा हिशेब इथे संपतो.

मग तिने महिनाभर वेळेची नोंद ठेवली. ती अशी निघाली:

| कशात गेला वेळ | तास |
|---|---|
| स्लाइड बनवणं | ४४ |
| गिऱ्हाइकाशी बोलणं, मजकूर समजून घेणं | ९ |
| फुकट करून दिलेले बदल | १३ |
| ऑर्डर न झालेल्या चौकशा | १४ |
| नमुने बनवणं, प्रोफाइल नीट करणं | ६ |
| वीज गेल्याने पुन्हा करावं लागलेलं काम, सॉफ्टवेअरच्या कटकटी | ४ |
| पैसे काढणं, हिशेब, पावत्या | ३ |
| एकूण | ९३ |

२३,०५६ भागिले ९३ म्हणजे तासाला २४८ रुपये.

८५० वरून ५७६ पर्यंतची घसरण कमिशन आणि खर्चामुळे झाली, ५७६ वरून २४८ पर्यंतची वेळेमुळे. पहिली २७४ रुपयांची, दुसरी ३२८ रुपयांची. चर्चा मात्र कायम पहिलीचीच होते.

कमिशन नक्की कशावर कापलं जातं?

फायव्हरवर विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के जातात. गिऱ्हाइकाने खूश होऊन दिलेल्या टिपमधूनही तेवढेच जातात, हे अनेकांना पहिली टिप मिळाल्यावर कळतं. गिऱ्हाइकाकडून वेगळी फी घेतली जाते, ती तुमच्या हिशेबात येत नाही. पण '४० डॉलरचं काम' गिऱ्हाइकाला ४० पेक्षा महाग पडतं, हे भाव ठरवताना लक्षात असू द्या.

अपवर्कवर पूर्वी सरसकट १० टक्के होते. मे २०२५ पासून नव्या करारांना ० ते १५ टक्क्यांमध्ये कितीही लागू शकतात आणि आकडा कराराआधी दिसतो. तिथला खरा खर्च मात्र वेगळ्या जागी लपतो. कामासाठी अर्ज करायला 'कनेक्ट्स' लागतात आणि एक कनेक्ट ०.१५ डॉलरला विकत मिळतो. समजा एका अर्जाला १२ कनेक्ट लागतात आणि आठ अर्ज केल्यावर एक काम मिळतं. म्हणजे एका कामामागे ९६ कनेक्ट, १४.४० डॉलर, बाराशेच्या वर रुपये. काम ५० डॉलरचं असेल तर कमिशन कापायच्या आधीच पाव हिस्सा गेला. हा खर्च 'एका अर्जाचा' म्हणून लिहिला तर किरकोळ वाटतो. तो 'मिळालेल्या एका कामामागचा' म्हणून लिहावा.

रद्द झालेली ऑर्डर हिशेबातून पुसू नका. तिचे पैसे शून्य, पण तास तसेच राहतात.

डॉलरचा भाव आणि पैसे काढण्याचा खर्च दर वेळी वेगळा कसा मोजायचा?

वेगळा मोजायची गरजच नाही. महिन्यात बँकेत जमा झालेले रुपये घ्या आणि प्लॅटफॉर्मवर कमिशन कापून दिसणाऱ्या डॉलरनी भागा. वरच्या उदाहरणात २५,६५६ भागिले ३२० म्हणजे ८०.१८. हा तिचा खरा भाव. इंटरनेटवर ८५ दिसत असताना तिच्या हाती एका डॉलरमागे ८० रुपये पडतात. काढणावळ, भावातला फरक, बँकेची कापणी सगळं या एका आकड्यात येतं. तो तीन महिने लिहून ठेवला की कुठली पद्धत महाग आहे ते वाद न घालता समजतं.

फरक पडतो तो मुख्यतः किती वेळा पैसे काढता त्यावर. चारऐवजी एकदाच काढले असते तर ९ डॉलर वाचले असते, म्हणजे ७५० रुपये. तासाचा दर २४८ वरून २५६ झाला असता, तोही काहीच जास्त न करता.

डॉलर थेट तुमच्या बँकेत येऊन तिथे त्यांचे रुपये होत असतील तर चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो. सर्रास वापरात असलेल्या पद्धतीत एक लाखापर्यंतच्या रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये, एवढं सेवेचं मूल्य धरून त्यावर १८ टक्के घेतात. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये. रक्कम २५,००० असो की ५,०००, कापणी तीच. छोट्या छोट्या रकमा मागवणाऱ्याला हे महाग पडतं. स्टेटमेंटमध्ये ४५ रुपयांची नोंद दिसली आणि कशाची ते कळलं नाही, तर बहुधा हीच असते.

सॉफ्टवेअरचा खर्च महिन्यावर कसा टाकायचा?

महिन्याची वर्गणी असेल तर जशी आहे तशी. वर्षाची असेल तर बाराने भागून, पैसे एकदम गेले असले तरी. उदाहरणात डिझाइनच्या अॅपचे ५०० रुपये, चित्रं आणि आयकॉनच्या वर्गणीचे ९०० आणि क्लाउड साठवणुकीची वर्षाची वर्गणी १,३२० असल्याने महिन्याला ११०. एकूण १,५१०.

डॉलरमध्ये आकारणी होणाऱ्या वर्गणीचा आकडा वेबसाइटवर बघून लिहू नका. कार्डाच्या स्टेटमेंटवर जो रुपयांचा आकडा असतो तो लिहा. त्यात परदेशी व्यवहाराचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिसळलेला असतो.

मोफत चाचणीची मुदत संपून पैसे कापले जाणं हा सगळ्यात नेहमीचा गळतीचा प्रकार. तो हिशेबात पकडायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक वर्गणीपुढे, या महिन्यात ती किती ऑर्डरींना लागली, तो आकडा लिहायचा. त्या ९०० रुपयांच्या चित्रांच्या वर्गणीपुढे 'दोन' असा आकडा निघाला, तर एका ऑर्डरीमागे चित्रांचे ४५० रुपये पडले. तेवढ्यात चित्रं सुटी विकत मिळतील का, हे मग बघता येतं.

लॅपटॉप, वीज, इन्व्हर्टर, नेट हेही धरायचं का? ते घरात असतंच की.

कसोटी एकच: हे काम बंद केलं तर तो खर्च थांबेल किंवा कमी होईल का? घरचं फायबर कनेक्शन मुलांच्या अभ्यासासाठी आणि टीव्हीसाठी राहणारच असेल, तर ते धरू नका. पावसाळ्यात वारा सुटला, माड आडवा झाला, तार तुटली की नेट जातं, म्हणून केवळ डिलिव्हरी चुकू नये यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलं असेल, तर त्याचं रिचार्ज पूर्ण धरा. उदाहरणात ते ३०० रुपये आहे.

लॅपटॉप ५४,००० चा. चार वर्षं चालेल आणि शेवटी ६,००० ला जाईल असं धरलं, तर ४८,००० रुपये ४८ महिन्यांत झिजतात, म्हणजे महिन्याला १,०००. अर्धा वापर या कामाचा, म्हणून ५००. इथे एक कोकणी जोड द्यावी लागते. खाडीजवळ किंवा समुद्राकाठी घर असेल तर खाऱ्या, दमट हवेने कनेक्टर आणि कीबोर्ड लवकर गंजतात. त्या घरात पाच वर्षांची झीज धरू नये, चार किंवा त्याहून कमी धरावी.

इन्व्हर्टरची बॅटरी १४,४०० ची, चार वर्षांची, निम्मी या कामाच्या नावावर: महिन्याला १५०. विजेचा खर्च लोक एकतर विसरतात किंवा फुगवून लिहितात. लॅपटॉप, पंखा आणि दिवा मिळून १५० वॉट धरले, तर ९३ तासांत सुमारे १४ युनिट होतात. महावितरणच्या बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट केलं की तुमचा एका युनिटचा खरा दर मिळतो. तो १० रुपये धरला तर १४० रुपये. एसी लावून काम करत असाल तर हा आकडा कैक पटींनी वाढतो, तेव्हा वेगळा मोजा.

बेरीज: १,५१० अधिक ३००, ५००, १५० आणि १४०, म्हणजे २,६००.

कुठला वेळ धरायचा आणि कुठला सोडायचा?

त्या वेळात तुम्हाला मनासारखं दुसरं काही करता आलं असतं का, हे विचारा. फाइल अपलोड होत असताना तुम्ही उठून मासे साफ करत असाल, तर तो वेळ कामाचा नाही. पण रेंज जाते-येते म्हणून टक्केवारीकडे बघत बसावं लागत असेल, तर तो पूर्ण धरायचा. गिऱ्हाइकाची सकाळ म्हणजे आपली रात्र. साडेअकराच्या कॉलसाठी अकरापासून जागं राहिलात, तर तो अर्धा तासही त्यात येतो.

शिकण्याबद्दल नेहमी वाद होतो. ठरावीक ऑर्डरसाठी किंवा याच धंद्यासाठी एखादी गोष्ट शिकलात, तर तो वेळ धरा. नोकरीतही उपयोगी पडणारं किंवा आवड म्हणून शिकलेलं असेल, तर सोडा. सीमारेषेवरचा वेळ निम्मा धरला तरी चालतं, पण दर महिन्याला तोच नियम ठेवा. नियम बदलला की आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

सगळ्यात जास्त निसटतात ते मोबाइलवरचे संदेश. जेवताना एक उत्तर, बाजारात एक उत्तर, झोपताना दोन. प्रत्येकाची वेळ लिहिणं शक्य नाही. त्याऐवजी कागदावर एकेक रेघ मारा आणि आठवड्याच्या शेवटी एका रेघेमागे तीन मिनिटं धरा. रोज १५ रेघा झाल्या तर महिन्याला साडेबावीस तास होतात. उदाहरणातल्या बोलणं आणि चौकशा या दोन ओळी मिळून २३ तास दिसतात, ते यामुळेच.

वेळेची नोंद ठेवायची सोपी पद्धत कोणती?

गुगल शीट किंवा एक्सेल पुरे. A मध्ये तारीख, B मध्ये सुरुवात, C मध्ये शेवट, D मध्ये प्रकार आणि E मध्ये तास. प्रकार सात-आठच ठेवा: काम, बोलणं, बदल, चौकशी, नमुना, बिघाड, हिशेब. जास्त प्रकार केले की कुठला लिहू या विचारात नोंद राहून जाते.

E मध्ये साधी वजाबाकी लिहू नका. रात्री ११ ला सुरू केलेलं काम १ ला संपलं, तर साध्या वजाबाकीत उणे २२ तास येतात आणि महिन्याची बेरीज बिघडते. रात्रपाळीच्या शीटमध्ये हमखास होणारी ही चूक. हे सूत्र मध्यरात्र ओलांडूनही बरोबर उत्तर देतं:

```
=MOD(C2-B2,1)*24
```

E स्तंभाचं फॉरमॅट 'संख्या' ठेवा. 'वेळ' ठेवलं तर दोन तासांऐवजी भलताच आकडा दिसेल. एका प्रकाराची बेरीज अशी:

```
=SUMIF(D2:D300,"बदल",E2:E300)
```

प्रकार दर वेळी त्याच स्पेलिंगने लिहा. एकदा 'बदल' आणि एकदा 'बद्दल' झालं की ते तास बेरजेतून गळतात. खात्रीसाठी सगळ्या प्रकारांच्या बेरजा मिळवून E च्या एकूण बेरजेशी जुळवून पाहा. जुळलं नाही तर कुठेतरी चुकीचा शब्द आहे.

नोंद त्याच वेळी करा. रविवारी आठवून लिहिलेल्या आठवड्यात प्रत्यक्ष काम आठवतं, बदल आणि चौकशा आठवत नाहीत.

गिऱ्हाइक तासावर पैसे देत असेल तर हा सगळा खटाटोप कशाला?

तरीही लागतो. तासाच्या करारात ट्रॅकर चालू असतानाचा वेळच मोजला जातो. करार होण्याआधीचे अर्ज आणि मुलाखतीचे कॉल त्यात येत नाहीत. ट्रॅकर बंद करून केलेल्या शोधाशोधीचाही पैसा मिळत नाही. बदल मात्र इथे फुकट करावे लागत नाहीत, त्यामुळे घसरण सहसा कमी असते.

गणपतीत आठ दिवस काम बंद असतं, एप्रिल-मेमध्ये आंब्याची गडबड. मग कुठला महिना धरायचा?

एक महिना धरू नका, तीन महिने एकत्र घ्या. गणपतीच्या महिन्यात ऑर्डरी घटतात, पण वर्गण्या, झीज वगैरेंचा २,६०० चा खर्च जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे त्या महिन्याचा दर खाली येतो आणि उगाच घाबरायला होतं.

समजा तीन महिने असे गेले. पहिला वरचाच: २३,०५६ रुपये आणि ९३ तास, दर २४८. दुसरा गणपतीचा: खर्च जाऊन ९,८०० रुपये आणि ५२ तास, दर १८८. तिसरा दिवाळीआधीचा: २६,४०० रुपये आणि ९८ तास, दर २६९. तीन दरांची सरासरी काढली तर २३५ येते, पण ती चूक आहे, कारण ५२ तासांच्या महिन्याला ९८ तासांच्या महिन्याइतकंच वजन मिळतं. आधी रुपयांची बेरीज करा, मग तासांची, आणि शेवटी एकदाच भागा. ५९,२५६ भागिले २४३ म्हणजे २४४.

तीन महिने घेण्याचं आणखी एक कारण आहे. फायव्हरवर ऑर्डर पूर्ण झाल्यावर पैसे काढता यायला साधारण विक्रेत्याला १४ दिवस थांबावं लागतं. २० तारखेनंतर केलेल्या कामाचे तास या महिन्यात आणि पैसे पुढच्या महिन्यात पडतात. तीन महिन्यांत हा तुटवडा बराचसा भरून निघतो.

आयकर धरायचा का?

तुमच्या एकूण उत्पन्नावर अवलंबून. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पतसंस्थेचा पगार आणि ही कमाई मिळून बाई त्याच्या बरीच खाली असेल, तर २४८ हाच तिचा अंतिम दर. मात्र जुनी करप्रणाली निवडली असेल तर हा हिशेब लागू नाही.

पगारच जास्त असेल तर वरची कमाई तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यात पडते, सरासरी दराने नाही. करपात्र पगार १४ लाख असलेल्याला या कमाईवर १५ टक्के अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे १५.६ टक्के लागतात. त्याचा २४८ चा दर २०९ वर येतो.

सगळ्यात वाईट जागा १२ लाखांच्या लगेच वर आहे. तिथे कर इतका लागतो की १२ लाखांवरची जवळजवळ सगळी रक्कम करात जाते, आणि हे साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतं. पगारानेच १२ लाखांची रेघ गाठलेल्या माणसाने वर्षभर जागून ६०,००० मिळवले, तर त्याचा खरा तासाचा दर शून्याच्या आसपास असतो. अशांनी वर्ष सुरू होतानाच सीएशी बोलावं. मार्चमध्ये बोलून करता येण्यासारखं फार थोडं उरतं.

एखादी नवी ऑर्डर घ्यावी की नाही, हे या दरावरून ठरवू का?

नाही. हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा हिशेबही वेगळा. वर्गण्या, लॅपटॉप, सिम वगैरेंचे जवळपास सगळे २,६०० रुपये ही ऑर्डर नाकारली तरी जाणारच आहेत. म्हणून एका ऑर्डरसाठी फक्त तिच्यामुळे वाढणारे पैसे आणि तिच्यामुळे वाढणारे तास घ्या.

समजा ३५ डॉलरची ऑर्डर आली आहे. कमिशन जाऊन २८ डॉलर, ८३.३० च्या भावाने २,३३२ रुपये. महिन्यात एकदाच पैसे काढणार असाल, तर वेगळी काढणावळ पडत नाही. स्लाइडना चार तास लागतील, पण तुमच्या नोंदीप्रमाणे अशा कामात बोलणं आणि बदल मिळून आणखी तीन तास जातात. म्हणजे सात तास आणि तासाला ३३३ रुपये. हा आकडा त्या संध्याकाळच्या दुसऱ्या कमाईशी किंवा झोपेशी तोलायचा. पण सगळ्याच ऑर्डरी अशा 'निदान वरचा खर्च तर निघतो' म्हणून घेतल्या, तर २,६०० कुणाच्याच नावावर पडत नाहीत. म्हणून तिमाहीचा पूर्ण हिशेब सोडायचा नाही.

दर वाढवायचा तर कुठे हात घालावा?

नोंदवहीच सांगते. उदाहरणातच तीन गोष्टी करून पाहू. चित्रांची ९०० ची वर्गणी बंद केली तर तासाला जवळपास १० रुपये वाढतात. भाव १५ टक्क्यांनी वाढवले आणि एकही गिऱ्हाइक तुटलं नाही, तर दर २४८ वरून २९१ होतो. भाव तोच ठेवून फुकट बदलांचे १३ तास ६ वर आणि फुकट चौकशांचे १४ तास ७ वर आणले, तर दर २९२ होतो.

म्हणजे १५ टक्के भाववाढ आणि १४ तासांची बचत इथे सारखीच पडते. आमचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण भाव वाढवल्यावर गिऱ्हाइक टिकेल का हे आपल्या हाती नसतं. बदलांची मर्यादा मात्र आपण लिहू शकतो: 'दोन वेळा बदल मोफत, तेही आठवड्याच्या आत. मजकूर बदलल्यास नवी ऑर्डर.' स्लाइडच्या कामात बदलांचा बहुतेक वेळ रंग-आकारात जात नाही. गिऱ्हाइकाने अर्धवट मजकूर देऊन नंतर तो फिरवल्याने जातो. म्हणून शेवटचा मजकूर हाती आल्याशिवाय काम सुरू न करणं हा सर्वांत परिणामकारक नियम ठरतो. चौकशांसाठी भाव, मुदत आणि काय काय लागेल याचं एक तयार उत्तर लिहून ठेवा. ते वाचून जे पुढे बोलत नाहीत, ते बहुधा ऑर्डरही देणार नव्हते.

वाचलेले १४ तास कशाला वापरले, हेही बघा. ते पुन्हा मोबाइलवर त्याच अॅपमध्ये गेले असतील, तर नोंदीत रेघा वाढलेल्या दिसतील.

मुलगा इंग्रजी तपासून देतो, नवरा हिशेब बघतो. त्यांचा वेळ?

धरा. तो माणूस नसता तर ते काम तुम्हाला करावं लागलं असतं किंवा पैसे देऊन करून घ्यावं लागलं असतं. शीटमध्ये आणखी एक स्तंभ करून कुणाचे तास ते लिहा. घरच्यांचे तास वगळून काढलेला दर छान दिसतो, पण मुलगा बारावीनंतर शिकायला मुंबईला गेला की तो एका महिन्यात कोसळतो, आणि ऑर्डरी कमी झालेल्या नसतानाही असं का झालं ते लवकर कळत नाही.